महागडी वस्तू ऑनलाइन घेताना: पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याचं नाव तीन ठिकाणी जुळवून पाहा

माझी भाची डोंबिवलीला राहते, आर्किटेक्चरला आहे. मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "मावशी, मला हवा तो लॅपटॉप एक लाख नऊ हजारांना मिळतोय. मोठ्या दुकानात एक लाख बेचाळीस सांगतात. उद्या सकाळपर्यंतच भाव आहे. दुकान लॅमिंग्टन रोडचं आहे, साइटवर जीएसटी नंबर आहे. मी तो सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, खरा निघाला. पाठवू पैसे?"

मी दादरला एका सीएच्या ऑफिसात छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरण्याचं काम करते, म्हणून तिने मला विचारलं. नंबर खरोखरच खरा होता. दुकानही खरं होतं. पण तिच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा माणूस त्या दुकानाचा नव्हता. जीएसटी नंबर गुपित नसतो. तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो आणि दुकानाच्या पाटीवरही लिहावा लागतो. तो उचलून कोणीही आपल्या साइटवर चिकटवू शकतो. नंबर खरा आहे एवढ्यावरून असा धंदा कुठेतरी आहे इतकंच कळतं. समोरचा माणूस तोच धंदेवाला आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. पहिल्यांदाच मोठी रक्कम ऑनलाइन भरणारे बहुतेक जण नेमकी हीच दुसरी पायरी गाळतात, म्हणून त्या रात्री आम्ही काय काय पाहिलं ते क्रमाने सांगते.

आधी किंमत, दोन मिनिटांत

लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे आणि दुकानात सांगतात ती किंमत करासकट असते. मोठ्या दुकानाच्या किमतीला 1.18 ने भागा. 1,42,000 ला भागलं की साधारण 1,20,300 येतात. म्हणजे दुकानदाराने कर पूर्ण बुडवला, बिलच दिलं नाही, तरी त्याला सुमारे 1,20,000 पर्यंतच खाली येता येईल. त्याच्याही खाली जायचं तर ते त्याच्या नफ्यातून जाणार, आणि नव्या लॅपटॉपवर किरकोळ विक्रेत्याला सुटतात ते काही टक्केच. इथे भाव होता 1,09,000.

जुनं मॉडेल, डिस्प्लेवर ठेवलेला पीस, कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला माल, सणासुदीला बँकेच्या कार्डावरची सूट, अशा कारणांनी भाव याहून खाली जाऊ शकतो. तसं असेल तर विक्रेता ते स्वतःहून सांगतो आणि बिलावर लिहून द्यायला तयार असतो. सीलबंद, चालू मॉडेल, कंपनीची पूर्ण वॉरंटी आणि वर एवढा कमी भाव, हे सगळं एकत्र आलं की पुढची तपासणी पूर्ण केल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका.

पहिलं नाव: जीएसटी पोर्टलवरचं

`services.gst.gov.in` उघडा, `Search Taxpayer` मध्ये `Search by GSTIN/UIN` निवडा, नंबर टाका आणि खालची अक्षरं भरा. लॉगिन लागत नाही. मोबाइलवरही चालतं.

बहुतेक जण `GSTIN / UIN Status` समोर `Active` दिसलं की पान बंद करतात. भाचीनेही तेच केलं होतं. खरी माहिती बाकीच्या ओळींत असते. `Trade Name` म्हणजे पाटीवरचं नाव. `Legal Name of Business` म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक कोण ते. एकट्याचं दुकान असेल तर तिथे त्या माणसाचं स्वतःचं नाव असतं, कंपनी असेल तर कंपनीचं. हे नाव कागदावर लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. त्यानंतर `Principal Place of Business`, म्हणजे दुकानाचा नोंदवलेला पत्ता. तोही लिहून घ्या.

नंबरच्या आतही थोडी माहिती दडलेली असते. तो 15 अक्षरांचा असतो आणि त्याची रचना अशी:

```
27XXXPX0000X1ZX
```

पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या नंबरातलं सहावं, धंदा कोणाच्या नावावर आहे ते सांगतं. तिथे P असेल तर एकटा माणूस, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. हे अक्षर नीट बघून ठेवा. C असूनही पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यात मागितले, तर तिथेच थांबायचं.

आमच्या नंबरात P होतं. मालक एक गृहस्थ, नोंदणीची तारीख 01/07/2017, म्हणजे जीएसटी सुरू झाला त्या दिवसाची. ही तारीख बघून घाबरायचं कारण नाही, व्हॅटमधून आलेल्या हजारो जुन्या दुकानांची तारीख तीच आहे. पत्ता लॅमिंग्टन रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचा. इथपर्यंत सगळं चोख.

पण त्याच पानावरच्या मालाच्या यादीत मला दोन एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचे ठरलेले क्रमांक, दिसले, 8525 आणि 8544. पहिल्यात कॅमेरे येतात, दुसऱ्यात केबल. लॅपटॉप येतात 8471 मध्ये आणि तो कोड यादीत नव्हता. एवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. नोंदणी करताना मुख्य चार-पाच माल लिहितात आणि पुढे धंदा वाढला तरी यादी बदलायची राहून जाते, हे मी रोज पाहते. तरी लॅपटॉप हाच ज्यांचा मुख्य धंदा म्हणून साइट सांगते, त्यांच्या यादीत तो नसावा, हे मला खटकलं.

साइटचं वय

साइटवर लिहिलं होतं, 1998 पासून मुंबईकरांच्या सेवेत. `lookup.icann.org` वर साइटचं नाव टाकलं. तिथे `Created` समोर जी तारीख येते, ती त्या नावाच्या नोंदणीची असते. साइटचं नाव `.in` ने संपत असेल तर `registry.in` वरचं WHOIS वापरा. आमच्या साइटची नोंदणी बरोबर 19 दिवसांपूर्वीची निघाली.

जुन्या दुकानाने नवी साइट काढू नये असं नाही. मग शोध उलट्या बाजूने घ्यायचा. पोर्टलवरचं दुकानाचं नाव आणि पत्ता गुगलवर टाकला, तर दुकानाची नोंद मिळाली, फोटो मिळाले, सात-आठ वर्षांपूर्वीचे अभिप्राय मिळाले. त्यातला एकही लॅपटॉपबद्दल नव्हता. सगळे सोसायटीत सीसीटीव्ही बसवल्याबद्दलचे. या नव्या साइटचा उल्लेख कुठेही नव्हता.

साइटवरचे अभिप्राय वाचण्यात मी वेळ घालवत नाही, ते साइटवालाच लिहितो. मी दुसरी एक गोष्ट बघते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला साइटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व संपर्क द्यावा लागतो. प्रामाणिक छोटे दुकानदारही यात कसूर करतात, त्यामुळे ही माहिती नसली म्हणजे फसवणूकच असं नाही. पण जिथे संपर्कासाठी फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि एक फॉर्म आहे, तिथे महागडी वस्तू घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं नाव: बिलावरचं

कच्चं बिल, म्हणजे प्रोफॉर्मा, मागायला लाजू नका. लाखभराच्या वस्तूला खरा दुकानदार ते लगेच देतो. भाचीला पीडीएफ दहा मिनिटांत आली होती, शिक्क्यासकट, आणि ती बघूनच तिचा विश्वास बसला होता.

बिलावर नाव, पत्ता, नंबर बरोबर होते, कारण ते पोर्टलवरूनच उचललेले होते. चूक करात होती. विक्रेता महाराष्ट्रातला आणि माल पोचणार डोंबिवलीला, म्हणजे महाराष्ट्रातच, तर बिलावर कर दोन भागांत दाखवावा लागतो, 9 टक्के `CGST` आणि 9 टक्के `SGST`. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणार असेल तरच एकसलग 18 टक्के `IGST` लागतो. या बिलावर `IGST` होता. रोज बिलं फाडणारा दुकानदार ही चूक सहसा करत नाही, त्याचं सॉफ्टवेअरच करू देत नाही. दुसरीकडून घेतलेलं बिल खोडून त्यावर नाव बदललं की असं होतं.

आणखी एक गोष्ट पोर्टलशी ताडून पाहा. `Taxpayer Type` समोर `Composition` लिहिलं असेल तर त्या दुकानदाराला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. त्याच्या नावाच्या बिलावर 18 टक्के कर दिसला, तर ते बिल त्याचं नव्हे.

तिसरं नाव: पैसे घेणाऱ्याचं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. साइट, शिक्का, बिल, फोटो, सगळं चोरता येतं. पण बँक खात्यावर दुसऱ्याचं नाव लावणं इतकं सोपं नसतं.

यूपीआय अ‍ॅपमध्ये विक्रेत्याचा आयडी टाइप करा किंवा त्याने पाठवलेला क्यूआर उघडा, पण पिन टाकू नका. रक्कम भरायच्या पानावर खातेदाराचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं. आयडीच्या अक्षरांवर जाऊ नका, त्यात दुकानाचं नाव गुंफणं सोपं असतं. नाव वाचा आणि मघाशी कागदावर लिहिलेल्या नावाशी जुळवा. ते `Trade Name` शी किंवा `Legal Name` शी जुळायला हवं. एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालकाच्या स्वतःच्या नावावर पैसे घेतले तर त्यात वावगं नाही, म्हणून तर `Legal Name` लिहून ठेवायला सांगितलं.

भाचीच्या क्यूआरवर एका भलत्याच बाईंचं नाव आलं. मालकाच्या आडनावाशी त्याचा संबंध नव्हता. तिने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "ते आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचं खातं आहे, दुकानाच्या खात्याची लिमिट संपली आज." असं उत्तर फसवणाऱ्यांकडे तयारच असतं. गेटवे दोन दिवस बंद आहे, ऑडिट चालू आहे, वहिनींचं खातं आहे, कंपनीची नवी शाखा आहे, काहीही ऐकू येईल. कारण पटलं का याचा विचारच करू नका. नाव जुळलं नाही, की पैसे जात नाहीत. चालू खात्यात येणाऱ्या पैशाला अशी संध्याकाळी संपणारी मर्यादा नसते, आणि दुकानदार आपल्या विक्रीचे पैसे नोकराच्या बचत खात्यात घेऊन स्वतःचा हिशेब बिघडवत नाही.

खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला असेल तर जास्त जपा. लाभार्थी जोडताना आपण जे नाव टाइप करतो, ते पैसे जमा करताना बँक ताडून पाहत नाही. पैसे खाते क्रमांकावर जातात. आपण दुकानाचं नाव लिहिलं आणि पैसे गेले, म्हणजे खातं दुकानाचं होतं असं नाही. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने 2025 पासून बँकांना द्यायला लावली आहे. नेट बँकिंगमध्ये लाभार्थी जोडताना ती शोधा आणि वापरा.

साइटवर क्रेडिट कार्ड चालत असेल तर शक्यतो त्यानेच भरा. माल आलाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत फिरवून, मागता येतो. विक्रेत्याला खुलासा द्यावा लागतो. यूपीआय किंवा आयएमपीएसने गेलेला पैसा त्याच क्षणी समोरच्याच्या हातात असतो आणि परत आणायला पोलीस लागतात. साइटवर कार्डाची चिन्हं आहेत पण प्रत्यक्षात फक्त यूपीआयच घेतात, हे पुष्कळ ठिकाणी दिसतं.

"नुसते तीन हजार टोकन द्या, बाकी माल आल्यावर" हा प्रकारही याच तिसऱ्या नावाने तपासायचा. टोकन घेणाऱ्याला पुढचे लाखभर नकोच असतात, त्याला असे तीन-तीन हजार शंभर जणांकडून हवे असतात. कॅश ऑन डिलिव्हरीतही नेहमीच्या पद्धतीत पैसे आधी द्यावे लागतात आणि खोका नंतर उघडता येतो. कुरिअरवाल्यासमोर खोका उघडून मग पैसे द्यायची सोय, जिला ओपन बॉक्स डिलिव्हरी म्हणतात, ती असेल तरच कॅश ऑन डिलिव्हरीला अर्थ आहे.

जाऊन बघणं

नावं जुळली नाहीत तेव्हाच विषय संपला होता. पण भाचीच्या मनातून तो भाव जाईना. "मावशी, खरंच त्यांची लिमिट संपली असेल तर?" मी म्हटलं, दुकान मुंबईत आहे ना, मग लोकलचं तिकीट काढ.

दुकानाला फोन करून विचारणं सोपं वाटतं, पण कोणत्या नंबरवर करता ते महत्त्वाचं. साइटवरचा नंबर लावला तर फोन त्याच माणसाकडे जातो. नकाशावरच्या नोंदीतले नंबरही लोक बदलून ठेवतात. दुकानाचं जुनं बिल कोणाकडे असेल तर त्यावरचा नंबर चालेल, नाहीतर सरळ जावं.

दुसऱ्या दिवशी ती दादरला उतरली, मी ऑफिसातून निघाले आणि पश्चिम रेल्वेने दोघी ग्रँट रोडला गेलो. पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पत्त्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दुकान होतं, तेच नाव, तोच नंबर पाटीवर. आत केबलची भेंडोळी आणि भिंतीला टांगलेले घुमट कॅमेरे. काउंटरवरच्या काकांना आम्ही पीडीएफ दाखवली. त्यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, मग ड्रॉवरमधून स्वतःचा शिक्का काढून एका कोऱ्या कागदावर उठवून आमच्यासमोर ठेवला. त्यांचा गोल होता, पीडीएफवरचा चौकोनी.

"या महिन्यात तुम्ही तिसऱ्या," ते म्हणाले. "काल नाशिकहून एकजण आले होते, सत्तर हजार देऊन. माझ्यावरच ओरडत होते." हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी पोलिसांत अर्ज दिला होता, त्याची प्रत काचेखाली ठेवली होती. साइटचं किंवा दुकानाचं नाव मी इथे देत नाही, ते या काकांचं नाव आहे.

विक्रेता मुंबईबाहेरचा असेल तर त्या गावातल्या कोणालातरी पाठवा. तेही जमत नसेल तर व्हिडिओ कॉल मागा आणि कॉलवर तीन गोष्टी दाखवायला सांगा: रस्त्यावरून दिसणारी पाटी, पाटीवरचा जीएसटी नंबर आणि तुमच्या नावाची चिठ्ठी शेजारी ठेवलेला खोका, ज्यावर अनुक्रमांक वाचता येईल. कॅमेरा बाहेरून आत न थांबता चालत यायला हवा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ पाठवला तर तो धरू नका.

पैसे गेलेच असतील तर

हे वाचेपर्यंत कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर आधी 1930 वर फोन लावा, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार भरा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा आयडी हाताशी ठेवा. घरच्यांना सांगायचं कसं, या विचारात रात्र घालवू नका. फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पटापट फिरवतात आणि जिथे तो शिल्लक असेल तिथेच बँकेला तो रोखता येतो. विक्रेता खरा आहे पण माल चुकीचा दिला किंवा परत घेत नाही, अशी तक्रार असेल तर ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक 1915.

खोका हातात आल्यावर

भाचीने पुढच्या आठवड्यात तोच लॅपटॉप ठाण्याच्या एका दुकानाकडून ऑनलाइनच मागवला, 1,38,500 ला. पैसे भरण्याआधी तीन नावं जुळवली. पोर्टलवर कंपनी होती, क्यूआरवर तीच कंपनी, बिलावर 9 आणि 9. खोका आला तेव्हा मी तिथेच होते. तिने मोबाइलवर व्हिडिओ चालू केला, आधी सील दाखवलं, मग कापलं. लॅपटॉप उलटा करून मागचा अनुक्रमांक मोठ्याने वाचला, मी खोक्यावरचा वाचला, तिच्या आईने बिलावरचा. तिन्ही एक निघाले. मग तो अनुक्रमांक उत्पादक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला. देश भारत, वॉरंटी चालू. मगच तिने कुरिअरवाल्याला जाऊ दिलं.